लहान मुलांचा अ‍ॅनाफिलॅक्सिस: वयाप्रमाणे अ‍ॅड्रेनालिन किती मिली आणि ते सिरिंजमध्ये कसं मोजायचं

उपकेंद्रात नव्याने रुजू झालेल्या सिस्टर, सीएचओ आणि बंधपत्रावर प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले नवे डॉक्टर यांच्यासाठी हे लिहितोय. घरी वाचून घरी इंजेक्शन देण्यासाठी हे नाही. पुस्तकातला डोस बहुतेकांना पाठ असतो. गडबड होते ती अँप्युल फोडल्यावर, सिरिंजच्या रेघांवर. म्हणून मी सुरुवात अँप्युलपासूनच करतो.

लेबल आधी वाचा, आजच

इमर्जन्सी ट्रेमधली अ‍ॅड्रेनालिनची अँप्युल हातात घ्या. ती बहुधा तपकिरी काचेची आणि १ मिलीची असते. लेबलवर ‘१ मिग्रॅ प्रति मिली’ किंवा ‘१:१०००’ असं लिहिलेलं असेल. दोन्हींचा अर्थ एकच. एकास हजार म्हणजे १००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजेच १ मिलीत १ मिलिग्रॅम. काही लेबलांवर अ‍ॅड्रेनालिन बायटार्ट्रेट १.८ मिग्रॅ असा आकडा दिसतो आणि नवा माणूस तिथे अडखळतो. तो क्षाराचा आकडा आहे. त्याच ओळीत पुढे ‘१ मिग्रॅ अ‍ॅड्रेनालिनच्या बरोबरीने’ असं असतं, आपण धरायचं ते हे १ मिग्रॅ.

या ताकदीची एक मोठी सोय आहे. मिलिग्रॅमचा आकडा आणि मिलीचा आकडा एकच येतो. ०.१५ मिग्रॅ म्हणजे ०.१५ मिली, गुणाकार-भागाकार काही नाही. पण ही सोय फक्त १:१००० लाच लागू. एकास दहा हजारवाल्या द्रावणात औषध दहापट पातळ असतं. ते हृदय बंद पडल्यावर शिरेतून द्यायचं, स्नायूत द्यायचं नाही. काही ठिकाणी १ मिली अँप्युलमध्ये ९ मिली सलाइन घालून ‘तयार’ सिरिंज ट्रेमध्ये ठेवायची सवय दिसते. तशी सिरिंज दिसली तर काढून टाका. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये मांडीत द्यायचं औषध पातळ करायचं नसतं, अँप्युलमध्ये आहे तसंच द्यायचं.

लेबल वाचता वाचता मुदतही बघा आणि अँप्युल उजेडात धरा. द्रव पाण्यासारखा स्वच्छ हवा. गुलाबी किंवा तपकिरी झाक आली असेल, तळाशी कण दिसत असतील तर ती अँप्युल बाद. हे औषध उजेडाने आणि उन्हाळ्याने खराब होतं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय होतं ते सांगायला नको, तेव्हा ट्रे खिडकीपासून लांब ठेवा आणि अँप्युल खोक्यातच राहू द्या. सिस्टरच्या बॅगेतली अँप्युल तर गाडीच्या डिकीत दिवसभर तापते, तिच्याकडे दर महिन्याला बघायलाच हवं.

वयाप्रमाणे मिली

मूळ हिशोब वजनाचा आहे: दर किलोला ०.०१ मिग्रॅ, म्हणजे दर किलोला ०.०१ मिली. १२ किलोचं लेकरू असेल तर ०.१२ मिली. वजन माहीत असेल तर हेच धरा. पण धाप लागलेल्या लेकराला काट्यावर उभं करायचं नसतं, म्हणून वयाचे टप्पे वापरतात. १ मिग्रॅ प्रति मिलीच्या अँप्युलमधून, मांडीच्या स्नायूत, एका वेळी:

- ६ महिन्यांच्या आत: ०.१ ते ०.१५ मिली
- ६ महिने ते ६ वर्षे: ०.१५ मिली
- ६ ते १२ वर्षे: ०.३ मिली
- १२ वर्षांपुढे: ०.५ मिली, अंगाने लहान किंवा अजून वयात न आलेलं असेल तर ०.३ मिली

हे टप्पे ब्रिटनच्या पुनरुज्जीवन परिषदेचे आहेत. ते मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत, कारण घाईत चार आकडे आठवतात, चौदा आठवत नाहीत. वजनाच्या हिशोबाने ८ महिन्यांच्या, ७ किलोच्या बाळाला ०.०७ मिली बसतात आणि तक्ता ०.१५ सांगतो, जवळपास दुप्पट. नव्या माणसाला इथे धडकी भरते. पण स्नायूत दिलेलं एवढं औषध बाळ सहन करतं. थोडा वेळ नाडी पळते, बाळ पांढरं पडतं, थरथरतं, आणि मग शांत होतं. अ‍ॅड्रेनालिन उशिरा मिळाल्याने लेकरं दगावतात, आणि धोका मोजायचा तर तो या बाजूचा मोजावा.

आता एक गोष्ट जी तुम्हाला नक्की खटकेल. लसीकरणाच्या किटमधल्या चिठ्ठीवर आकडे याहून कमी असतात. १ ते ६ वर्षांसाठी तिथे ०.१ मिली असतं आणि ते ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर ४ युनिट असं लिहिलेलं असतं. दोन्हीत चूक कुणाचीच नाही. लसीला येणारी बहुतेक बाळं पहिल्या दीड वर्षातली, त्यांच्या वजनाला ०.१ मिली बरोबर बसतं. किटच्या तक्त्याने सिस्टरने पहिला डोस देऊन लगेच पुढे पाठवायचं असतं. लसीकरणाच्या सत्रात काम करताना किटचाच तक्ता पाळा आणि पुढच्या डोसाचं डॉक्टरांना फोनवर विचारा. आरोग्य केंद्रात कोणता तक्ता वापरायचा हे वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच ठरवून घ्या आणि तो एकच कागद ट्रेच्या झाकणावर चिकटवा. दोन कागद चिकटवलेत तर ऐन वेळी त्यांच्यावरून वाद होतो.

वय कळणार कसं?

तक्ता वयाचा आहे खरा, पण वय सांगणारं माणूस सोबत असेलच असं नाही. बीड, धारूर, केज भागात ऊसतोडीच्या हंगामात आई-बाप कारखान्यावर असतात आणि लेकरू आजी-आजोबांकडे. आजीला जन्मतारीख विचारली तर ‘मोठ्या पावसाच्या साली’ असं उत्तर येतं. शाळेच्या दाखल्यावरची १ जूनही सरसकट खरी धरू नका. त्यापेक्षा ‘अंगणवाडीत जातं का शाळेत, कितवीत आहे?’ हे विचारा. अंगणवाडीत असेल तर ०.१५. दुसरी-तिसरीत असेल तर ०.३. पहिलीचं लेकरू दोन टप्प्यांच्या मधोमध येतं. तिथे अंगकाठी बघा. पुढचे दुधाचे दात पडले नसतील, लेकरू किरकोळ असेल तर ०.१५ धरा. साधारण २५ किलोच्या आतल्या लेकराला पहिला डोस म्हणून ०.१५ चालतो, आणि पाच मिनिटांनी पुन्हा देता येतोच.

सिरिंज: बहुतेक घोटाळे इथे होतात

तुम्हाला हवी १ मिलीची सिरिंज, जिच्यावर ०.०१ मिलीच्या बारीक रेघा असतात. तिला आपल्याकडे ट्यूबरक्युलिन सिरिंज म्हणतात. तिच्यावर २३ किंवा २४ गेजची एक इंच लांब सुई लावा. २ मिलीच्या सिरिंजवर सगळ्यात बारीक रेघ ०.१ ची असते. तिच्यावर ०.१५ म्हणजे दोन रेघांच्या मध्ये अंदाज, आणि थरथरत्या हाताने केलेला अंदाज ०.२५ कधी होईल सांगता येत नाही. ५ मिलीची सिरिंज तर या कामाला हातातच घेऊ नका.

इन्सुलिनची सिरिंज पटकन सापडते, म्हणून तिचं नीट सांगतो. लाल टोपीची सिरिंज ४० युनिटची असते, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. तिच्यावर ०.१ मिली म्हणजे ४ युनिट, ०.१५ म्हणजे ६, ०.३ म्हणजे १२, ०.५ म्हणजे २०. केशरी टोपीची सिरिंज १०० युनिटची. तिच्यावर ०.१५ मिली म्हणजे १५ युनिट. किटचा ‘४ युनिट’ हा आकडा डोक्यात ठेवून कुणी केशरी टोपीच्या सिरिंजमध्ये ४ युनिट ओढले तर जाईल ०.०४ मिली, निम्म्याहूनही कमी. तेव्हा युनिट मोजण्याआधी टोपीचा रंग आणि नळीवरचा आकडा बघायचा.

तिची दुसरी अडचण सुईची आहे. बऱ्याच इन्सुलिन सिरिंजना सुई जोडलेलीच असते आणि ती आखूड असते, कारण इन्सुलिन कातडीखाली सोडायचं असतं. अ‍ॅड्रेनालिन कातडीखाली गेलं तर ते तिथल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि स्वतःचीच वाट अडवून बसतं. १९९८ साली कॅनडात मुलांवर झालेल्या अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनालिन रक्तात सरासरी ८ मिनिटांत सर्वांत वर गेलं, तर कातडीखाली दिलेल्याला ३४ मिनिटं लागली. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये ३४ मिनिटं कुणाकडे असतात? म्हणून इन्सुलिन सिरिंज वापरायचीच वेळ आली तर सुई बदलता येणारी घ्या.

सुई बदलण्याचाही एक बारकावा आहे आणि तो कुणी शिकवत नाही. एका सुईने अँप्युलमधून बरोबर ०.१ मिली ओढलं आणि दुसरी सुई लावून टोचलं, तर थोडं औषध नव्या सुईच्या पोकळीत आणि बुडाशी अडकून राहतं. मोठ्या माणसाच्या डोसात ते जाणवत नाही, पण ०.१ मिलीतून तेवढं गेलं तर लेकराला मिळतं अर्धं-मुर्धं. त्यावर उपाय सोपा आहे. आधी गरजेपेक्षा थोडं जास्त ओढा, नवी सुई लावा, सिरिंज उभी धरून हवा काढा, सुईच्या टोकावर थेंब येऊ द्या आणि मग दट्ट्या हव्या त्या रेघेपर्यंत ढकला. उरतं ते द्यायचं औषध. दट्ट्याची रबराची कड रेघेवर बघायची, तिचं शंकूसारखं टोक नव्हे.

टोचण्याआधी सिरिंजमध्ये फक्त डोस राहिला पाहिजे. पूर्ण अँप्युल ओढून ‘अंदाजाने थोडं देऊ’ असं कधीच करू नका. एका अँप्युलमध्ये छोट्या लेकराचे सहा-सात डोस असतात. त्याच कारणाने तोंडी ऑर्डर देतानाही ‘एक अँप्युल अ‍ॅड्रेनालिन द्या’ असं म्हणायचं नाही. ‘पॉइंट एक पाच मिली, मांडीत’ असं म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवायचं.

एक उदाहरण, मिनिटामिनिटाने

समजा दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झालीत. आजी एका मुलाला कडेवर घेऊन धावत येते. ‘सिस्टर, लेकराला बघा ओ, बांधावर मोहोळ उठलं, लई चावल्या.’ दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. मुलाच्या अंगभर गांधी उठल्यात, ओठ सुजलेत, आवाज बसलाय, छातीत सूं-सूं वाजतंय आणि वाटेत एकदा उलटी झालीय. काहीतरी चावल्यावर किंवा टोचल्यावर काही मिनिटांत कातडी आणि श्वास दोन्ही बिघडले, एवढं पुरेसं आहे. बीपी मोजून होईपर्यंत थांबायचं नाही.

तुम्ही आजीला विचारता, ‘कितवीत आहे ओ?’ ‘पहिलीत जातंय.’ मूल किरकोळ, समोरचे दात शाबूत. म्हणजे ०.१५ मिली.

मुलाला आडवं करा. धाप जास्त असेल तर पाठीला टेका देऊन बसवा, पण पाय लांब पसरलेले हवेत. उभं करायचं नाही, चालवायचं नाही. आजीला कडेवर घेऊन फिरूही द्यायचं नाही, कारण रक्तदाब पडलेला असताना एकदम उभं केल्याने हृदयाकडे परत येणारं रक्त तुटतं आणि लेकरू हातातल्या हातात जाऊ शकतं. दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. तोवर तुम्ही अँप्युलची मान वरून टिचकी मारून खाली करा, म्हणजे मानेतलं औषध उतरतं. कापसात धरून अँप्युल फोडा, ओढा, ०.१५ वर आणा.

जागा: मांडीच्या मधल्या भागात, पुढून-बाहेरच्या बाजूला. चड्डी खाली ओढत बसायला वेळ नसेल तर पातळ कपड्यावरूनही चालतं. किरकोळ लेकराचा स्नायू डाव्या हाताने पकडीत घ्या, सुई काटकोनात पूर्ण आत घाला, दट्ट्या सावकाश ढकला. कुल्ल्यात नाही, दंडात नाही. शिरेत तर मुळीच नाही: न पातळ केलेलं अ‍ॅड्रेनालिन शिरेत गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. घड्याळ बघून वेळ मोठ्याने सांगा: ‘चार तेरा.’

आता ऑक्सिजन मास्क लावा, अंगात रुतलेल्या नांग्या नखाने खरवडून काढा, सलाइनची शीर धरा. चार अठराला पुन्हा बघा. आवाज थोडा मोकळा झालाय, पण छाती अजून वाजतेय आणि नखावर दाबून सोडल्यावर रंग यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. म्हणजे पुरतं उतरलेलं नाही. दुसरा डोस तेवढाच, ०.१५ मिली, दुसऱ्या मांडीत. सलाइन दर किलोला १० मिली. चार पंचविसाला गांधी फिक्या पडतात, मूल डोळे उघडून आजीला हाक मारतं, नाडी भरते.

दोन डोस देऊनही उतरलं नाही, तर स्नायूतला डोस पाच मिनिटांनी पुन्हा देत राहा आणि फोनवर वरच्या डॉक्टरांना जोडून घ्या. त्यापुढचं काम, म्हणजे शिरेतून पंपावर अ‍ॅड्रेनालिन, हे मॉनिटर असलेल्या ठिकाणचं आहे.

मुलाचं नंतर वजन केलं आणि १६ किलो भरलं, तर हिशोबाचा डोस ०.१६. आपण ०.१५ दिलं, बरोबरच. कुणी तक्त्याकडे बघून ‘सहा पूर्ण आहेत’ म्हणत ०.३ दिलं असतं तरी आभाळ कोसळलं नसतं, नाडी जरा जास्त पळाली असती.

एव्हिल-डेक्सा आधी नको

अंगावर गांधी दिसल्या की आपल्याकडे हात आपोआप एव्हिल आणि डेक्सामेथासोनकडे जातो. एव्हिलने खाज कमी होते, घशातली सूज किंवा पडलेला रक्तदाब यावर त्याचा उपयोग नाही. डेक्साचा परिणाम यायलाच काही तास लागतात. शिवाय एव्हिलने गुंगी येते आणि मग लेकरू औषधाने झोपलंय की रक्तदाब पडून, हे कळेनासं होतं. देणारच असाल तर अ‍ॅड्रेनालिन देऊन झाल्यावर, निवांत.

कुठे द्यायचं नाही

मराठवाड्यात ‘काहीतरी चावलं’ म्हणून येणाऱ्या लेकरात लाल विंचू विसरून चालत नाही. विंचवाच्या विषाने शरीराचं स्वतःचंच अ‍ॅड्रेनालिन पुरासारखं सुटतं. लेकरू घामाने भिजतं, लाळ गळते, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, मुलांमध्ये लिंग ताठ होतं. अंगावर गांधी नसतात, ओठ सुजत नाहीत. अशा लेकराला अ‍ॅड्रेनालिन देणं म्हणजे आगीत तेल. तिथे औषध प्राझोसिन. ते रुजवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातलेच.

सर्पदंशाचं मात्र उलट आहे. सापाच्या विषावर दिलेल्या प्रतिविषाच्या सलाइनने लेकराला गांधी उठल्या, थंडी वाजली, धाप लागली, तर सलाइन थांबवा आणि वर सांगितलेलाच अ‍ॅड्रेनालिनचा डोस द्या. प्रतिविष सुरू करण्याआधीच वयाप्रमाणे मिलीचा आकडा केसपेपरवर लिहून ठेवा आणि अँप्युल व सिरिंज उशाशी ठेवा.

सुई बघून चक्कर येणारी मोठी मुलंही असतात. ती पांढरी फटक पडतात, नाडी मंद होते, आडवं केलं की मिनिटाभरात सावरतात. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये नाडी पळत असते आणि आडवं करून भागत नाही.

पुढे पाठवताना

लेकरू हसायला लागलं तरी घरी सोडायचं नाही. उतरलेली प्रतिक्रिया काही तासांनी पुन्हा उसळू शकते, म्हणून निदान सहा तास, आणि दोन डोस लागले असतील किंवा धाप जास्त असेल तर बारा तास नजरेखाली ठेवावं लागतं. उपकेंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून गरज पडली तर अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा घाटी, जे जवळ असेल ते. गाडीतही आडवंच न्यायचं. सोबत दोन अँप्युल, दोन १ मिलीच्या सिरिंजा आणि वेगळ्या सुया द्या. भरलेली सिरिंज देऊ नका.

चिठ्ठीवर असं लिहा: ‘अ‍ॅड्रेनालिन १ मिग्रॅ प्रति मिली, ०.१५ मिली (०.१५ मिग्रॅ), स्नायूत, उजवी मांडी, ४.१३, पुन्हा ०.१५ मिली, डावी मांडी, ४.१८.’ पॉइंटच्या आधीचं शून्य गाळू नका. घाईत लिहिलेला नुसता ‘.५’ पुढच्या दवाखान्यात ‘५’ वाचला जातो. कशाने झालं तेही लिहा, म्हणजे मधमाशी, शेंगदाणा की कोणतं इंजेक्शन. इंजेक्शन असेल तर त्याचं नाव आजीकडच्या कागदावरही ठळक लिहून द्या आणि पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर तो कागद आधी दाखवायला सांगा. गाडी निघाली की ट्रेमध्ये वापरलेल्या अँप्युलच्या जागी नव्या ठेवा आणि त्यांची मुदत वहीत नोंदवा.